पेंगणारं बाळ झोपायच्या वेळीच का भांडतं

मल्हार सात महिन्यांचा झाला आणि आमच्या घरात रात्रीचे आठ ही एक धास्तीची वेळ झाली. साडेसातपासून तो डोळे चोळायचा, कान ओढायचा, माझ्या खांद्यावर नाक घासायचा. पेंगतोय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. म्हणून त्याला आत नेऊन मांडीवर आडवं घेतलं, की पाठीची कमान करून डोकं मागे टाकायचा, पाय ताठ, मुठी आवळलेल्या आणि किंकाळी अशी की खालच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दिवशी "काल बाळाला काही लागलं का गं?" म्हणून विचारायच्या.

बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपून मी नुकतीच बँकेत रुजू झाले होते. दिवसभर मल्हार सासूबाईंकडे, नाशिकमधल्या आमच्या इंदिरानगरच्या घरीच. मी पावणेसातला पोचायचे. नवरा निखिल अंबड एमआयडीसीत, त्याला यायला साडेआठ व्हायचे. त्यामुळे पहिलं निदान घरातच झालं: दिवसभर आई नसते, तिच्यावर राग काढतोय. आईंचं (म्हणजे सासूबाईंचं) मत होतं दृष्ट. त्यांनी मीठ-मोहरी उतरवून टाकली. मी आड आले नाही, त्यात बाळाला काही अपाय नव्हता. जायफळाच्या वेळी मात्र आड यावं लागलं, ते पुढे सांगते.

आधी दवाखाना. बाळ पाठ ताणून ओरडतं याला डझनभर कारणं असू शकतात आणि त्यातली काही झोपेशी संबंधित नसतात. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी फोनवर सांगितलं, "येताना त्याचा ओरडतानाचा व्हिडिओ घेऊन या." तेव्हा मला ते जरा विचित्र वाटलं. ओरडणारं लेकरू सोडून मोबाइल धरायचा? पण निखिलने घेतला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि मग सांगितलं की त्यांना त्यात आकडी आहे का ते बघायचं होतं. तान्ह्या बाळांच्या आकडीचा एक प्रकार असतो, त्यात अंग एकदम झटका दिल्यासारखं आखडतं किंवा वाकतं, सेकंद-दोन सेकंदांत सैल पडतं, पुन्हा झटका, असे ओळीने बरेच, आणि बहुधा झोपेतून उठताना किंवा झोप लागताना. ते दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. मल्हारचं ताणणं तसं नव्हतं. तो सलग, जोर लावून, आपल्या हातातून सुटायला ताणत होता आणि मधूनच माझ्याकडे बघत होता.

मग प्रश्न सुरू झाले. दिवसा झोपवतानाही असंच करतो का? नाही, दुपारी आईंच्या खांद्यावर पाच मिनिटांत झोपतो. दूध पिताना किंवा प्यायल्यावर लगेच ताणतो का, वारंवार दूध वर येतं का? तेही नाही. हा प्रश्न महत्त्वाचा, कारण पोटातलं आंबट वर येऊन घशात जळजळत असेल तर बाळ पाठ ताणतंच, पण मग ते घड्याळ बघून रात्री आठलाच ताणत नाही; दिवसातल्या प्रत्येक दुधानंतर आणि आडवं केल्यावर त्रास दिसतो, काहींचं वजनही वाढत नाही. मल्हारचं वजन व्यवस्थित वाढत होतं. कान ओढतो म्हणून त्यांनी कानात बघितलं. कान दुखत असला तर बाळ आडवं केल्यावर जास्त रडतं हे खरं, पण ते दुपारीही रडेल आणि बहुतेक वेळा सर्दी नाहीतर ताप सोबत असेल. दमलेली पुष्कळ बाळं नुसतेच कान ओढतात. शेवटी त्यांनी लंगोट सोडून जांघेत फुगवटा आहे का ते चाचपलं आणि हातापायांची बोटं एकेक करून बघितली. का, ते मला कळेना. म्हणाल्या, बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, एखादा केस बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि करकचतो; बाळ जीव खाऊन रडतं आणि घरात कुणाला कळत नाही. त्या रात्रीपासून मोजे काढून बोटं बघायची सवय मला लागली ती अजून आहे.

सगळं ठीक होतं. "दुखणं नाही. आता झोपेचं काय ते बघा," म्हणाल्या आणि एका वहीत चार-सहा दिवस फक्त झोपेच्या वेळा लिहायला सांगितल्या. "सगळ्या वेळा. डुलकीसुद्धा."

वही सुरू करायच्या आधी मी माझी अक्कल वापरून पाहिली. बँकेतली एक मैत्रीण म्हणाली होती, "अगं तो फार दमतोय, लवकर झोपव." हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि त्यात तथ्य आहे. म्हणून आठऐवजी सव्वासातला आत नेलं. एका रात्री जादू झाल्यासारखा झोपला. दुसऱ्या रात्री तोच वेळ, तीच खोली, तेच अंगाईगीत आणि तब्बल दोन तास कुस्ती. त्यानंतर पुन्हा एकदा पटकन झोपला. मी चक्रावले. उपाय चुकीचा असता तर तो रोज फसायला हवा होता. बरोबर असता तर रोज लागू पडायला हवा होता. हा निम्म्या वेळा लागू पडत होता, म्हणजे रात्री-रात्रीत काहीतरी फरक होता आणि तो मला दिसत नव्हता, कारण तो मी घरी यायच्या आधी घडत होता.

वहीतला दिवस साधारण असा निघाला. सकाळी साडेसहाला उठणं. सव्वानऊ ते साडेदहा पहिली झोप. पावणेदोन ते तीन दुसरी. आईंनी लिहून ठेवलेलं एवढंच. डॉक्टरांचे "डुलकीसुद्धा" हे शब्द आठवून मी विचारलं, "आई, तीननंतर कधीच झोपत नाही?"

"नाही गं. संध्याकाळी बाबा फिरवून आणतात, तेवढंच."

बाबा, म्हणजे माझे सासरे, मल्हारला बाबागाडीत घालून जॉगिंग ट्रॅककडे न्यायचे. त्यांचा कट्टा तिथे सहाला जमतो. गाडीत बाळ झोपायचं, हे बाबांना माहीत होतं, त्यांना ते कौतुकाचं वाटायचं. पण ती "झोप" म्हणून कुणी मोजलीच नव्हती, घरी येऊन बाबा सांगायचे, "गडी मस्त फिरला आज." पावणेसहाला निघालं की गल्ली संपायच्या आत डोळे मिटायचे आणि साडेसहाला परत येईस्तोवर उघडायचे नाहीत. पण हे रोज घडत नव्हतं. गुरुवारी बाबा भजनाला जातात. शिवाय तो जानेवारी होता. नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, निफाडकडून वारा सुटला की बाबांचे गुडघे धरायचे आणि फेरी रद्द व्हायची.

वहीत मी बाबागाडीच्या दिवसांपुढे "गा" लिहायला लागले. आणि सगळं उलगडलं. ज्या दिवशी "गा", त्या दिवशी रात्री आठला मल्हार जेमतेम दीड तास जागा असायचा. ज्या दिवशी गाडी नाही, त्या दिवशी तीनपासून आठपर्यंत, सलग पाच तास. सात-आठ महिन्यांचं बाळ दोन झोपांच्या मध्ये सहसा अडीच-तीन, फार तर साडेतीन तास धड राहतं. म्हणजे माझं पोर एका दिवशी अजून झोपेला तयार नसायचं आणि दुसऱ्या दिवशी तयारीच्या पार पलीकडे गेलेलं असायचं, आणि दोन्ही दिवशी मला तीच कमान आणि तीच किंकाळी दिसायची. लवकर झोपवण्याचा सल्ला बिनगाडीच्या दिवशी लागू पडत होता, गाडीच्या दिवशी उलटत होता.

हे डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी जे समजावलं ते मला सगळ्यात उपयोगी पडलं. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे जागेपणाचं ओझं: जागं राहू तसं मेंदूत ते साठत जातं आणि झोपलं की उतरतं. मोठ्या माणसाला पंधरा-सोळा तास पुरेल एवढी साठवण असते, बाळाची थोडक्यात भरते आणि थोडक्यात रिकामीही होते. पाऊण तासाच्या डुलकीने ते ओझं इतकं हलकं होतं की दीड तासाने पुन्हा झोप मागणं म्हणजे नुकतंच जेवलेल्याला ताटावर बसवणं. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. ते रोजच्या झोपेच्या वेळेच्या जरा आधी, संध्याकाळी, उलट जाग वाढवतं. म्हणून ज्या बाळाची रोजची झोप नऊला लागते त्याला एकदम सव्वासातला झोपवायला गेलं तर आपण नेमके घड्याळाच्या जागत्या तासात शिरतो.

"मग तो डोळे का चोळतो?" मी विचारलं. "पेंगत नसेल तर?" त्या म्हणाल्या, डोळे चोळणं म्हणजे नेहमी झोप नव्हे. संध्याकाळी बाळ कंटाळतं, आई दिसली की दूध मागतं, दिवसाचा गोंधळ त्याला नकोसा होतो. सकाळी याच खुणा खात्रीच्या असतात, संध्याकाळी त्या घड्याळाशी ताडून बघायच्या.

पाच तास जागलेल्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याला झोप हवीच असते, पण ते इतकं चिडलेलं असतं की स्वतःला थोपवू शकत नाही. छाती धडधडते, अंग तापतं, दूध तोंडाशी आणलं तरी ओढून घ्यायच्या ऐवजी तोंड फिरवतं आणि पुन्हा ओरडतं. अशा वेळी घट्ट धरून थोपटलं की त्याला तेही जाचतं.

प्रश्न राहिला तो प्रत्यक्ष त्या क्षणी ओळखायचं कसं. वही सोबत असतेच असं नाही. पाहुणे आले, आपण बाहेरगावी गेलो, तर कुठे किती वेळ डोळा लागला होता याचा हिशेब कोण ठेवतं. यासाठी मी एक साधी गोष्ट करायला लागले. कमान सुरू झाली की पाच मिनिटं झगडा थांबवायचा आणि त्याला खाली सतरंजीवर सोडायचं. जर तो लगेच गप्प झाला, पालथा पडून रांगायला निघाला, चमच्याशी खेळायला लागला, हसला, तर त्याला अजून झोप आलेली नाही. मग बाहेर मंद दिव्यात अर्धा-पाऊण तास बसायचं आणि पुन्हा न्यायचं. जर खाली सोडूनही रडं थांबलं नाही, हात वर करून "घे" म्हणतोय आणि घेतलं की पुन्हा ढकलतोय, तर तो अतिदमलेला आहे. त्याला वाट बघायला लावण्यात अर्थ नाही, सगळं बंद करून अंधारात न्यायचं. अशा रात्रीची आणखी एक खूण नंतर कळते. अतिदमलेलं बाळ एकदाचं झोपलं तरी पाऊण-एक तासात, पहिली गाढ झोप पुरी होताच, ओरडत उठतं. अजून न दमलेलं बाळ उशिरा झोपतं पण झोपलं की पहिली झोप बऱ्यापैकी सलग घेतं. मल्हारच्या बिनगाडीच्या रात्री तंतोतंत अशा होत्या, आठला रडून झोप, पावणेनऊला पुन्हा रडं, आणि घरचे म्हणायचे निखिलच्या बेलने उठला. बेलचा हात होता, नाही असं नाही.

आता वेळा बदलायच्या होत्या आणि वेळा म्हणजे माणसं. संध्याकाळची डुलकी पूर्ण बंद करण्याइतका मल्हार मोठा नव्हता. ती लवकर आणि छोटी करायला हवी होती: साडेचारच्या सुमारास बाहेर काढायचं आणि पाचला उठवायचं, म्हणजे आठपर्यंत बरोबर तीन तास मिळतात. पण बाबांचा कट्टा सहाचा. मी हे बोलायला कचरत होते. निखिलच म्हणाला, "बाबा, तुमच्या गाडीमुळे आम्ही दहापर्यंत जागतोय." बाबांना ते लागलं. दोन दिवस त्यांनी गाडीला हातच लावला नाही, आणि त्या दोन्ही रात्री पुन्हा पाच तासांचा गोंधळ. तिसऱ्या दिवशी आईंनीच तोड काढली. साडेचारला त्या सोसायटीच्या आवारात गाडी फिरवायच्या, ऊनही असायचं, थंडीची भीती नाही. आणि सहाला बाबा न्यायचे, पण गाडीची पाठ सरळ करून, बसवून, हातात खुळखुळा देऊन. कट्ट्यावरचे सगळे आजोबा त्याला जागं ठेवायच्या कामाला लागले. डोळे मिटायला लागला की कडेवर.

झोपलेल्या बाळाला उठवायचं आईंच्या जिवावर यायचं. "झोपलेलं मूल उठवू नये," हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं. मीही जोर केला नाही. पडदे उघडायचे, मिक्सर लावायचा, तो आपोआप चुळबुळायचा.

ज्या दिवशी साडेचारची फेरीच झाली नाही त्या दिवशी मात्र मला माझा हट्ट सोडावा लागला. तीनला उठलेलं बाळ साडेसहा-पावणेसातपर्यंतच धड राहतं. म्हणजे मी दारात पाऊल ठेवायचं, हात-पाय धुऊन त्याला दूध पाजायचं आणि थेट अंधाऱ्या खोलीत. त्या दिवशी माझ्या वाट्याला त्याचं हसणं-खेळणं नाही. निखिलला तर तो दिसायचाच नाही. हे त्याला पटायला वेळ लागला. साडेआठला येऊन मुलाला उंच उडवणं हा त्याचा दिवसभराचा एकमेव आनंद होता. मग तो सकाळी साडेसहाला मल्हारसोबत उठायला लागला, दोघं गॅलरीत उन्हात बसतात. त्याचा एक फायदा आम्ही धरलाच नव्हता: सकाळचा उजेड आणि उठायची ठरलेली वेळ यांनी शरीराचं घड्याळ जागेवर राहतं आणि रात्रीची वेळ आपोआप सरळ होते. रविवारी त्याला आठपर्यंत लोळू दिलं की त्या रात्री हमखास भांडण.

झोपेची वेळ एकदम ओढून आणली नाही. गाडीच्या दिवसांमुळे त्याचं घड्याळ साडेनऊवर गेलं होतं. आधी आम्ही त्याला साडेनऊलाच आत नेलं. ओरडून घालवायचे ते दीड तास बाहेर शांतपणे घालवले, म्हणजे बिछाना आणि रडं यांची गाठ सुटायला लागली. मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे, आठ येईपर्यंत.

खोलीतल्या गोष्टी थोडक्यात. साडेसातनंतर हॉलचा मोठा दिवा बंद. आईंची मालिका चालू राहिली, फक्त आवाज खाली आणि आमचं दार बंद. बेलवर निखिलने स्वतःच चिकटपट्टी लावली. दूध झोपेच्या क्षणी न देता वीस-पंचवीस मिनिटं आधी, कारण चिडलेलं बाळ पिताना हवा गिळतं आणि मग खरोखरच पोटासाठी ताणतं. स्वेटर, टोपी, दोन दुलया हा थाट कमी केला: मानेमागे हात लावला तर घाम असायचा. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दुलई-उशी अंथरुणात नसावीच, अंगावर एक जाड झबलं पुरतं, आणि झोपवायचं पाठीवर.

धरण्याची पद्धत बदलली त्याचा गुण सगळ्यात लवकर आला. आठ महिन्यांच्या बाळाला मांडीवर आडवं केलं की त्याला छतच दिसतं, आणि ते नुकतंच बसायला-रांगायला शिकलेलं असतं. ते त्याला नको असतं. मी त्याला उभं धरायला लागले, छाती छातीला, हनुवटी माझ्या खांद्यावर, एक हात ढुंगणाखाली. त्यात कमान करायला जागा उरत नाही आणि कोंडल्यासारखंही वाटत नाही. अंग सैल पडलं की मगच बिछान्यावर, आधी ढुंगण, मग पाठ, डोकं शेवटी.

आईंना झोळी बांधायची होती. त्यांची सगळी मुलं झोळीत वाढली. पण जे बाळ पालथं होतं, धरून बसतं, ते झोळीतून तोंडावर पडू शकतं आणि कापडात मान दुमडून श्वास अडू शकतो. दुपारी, त्या समोर बसलेल्या असताना, थोडा वेळ, यावर आम्ही थांबलो. रात्री नाही.

आता जायफळ. एका रात्री दहा वाजता आई सहाण घेऊन आल्या. "दोन वेढे उगाळून दुधात देते. आपल्याकडे सगळे देतात." देतात हे खरं आहे, बाळगुटीत ते असतंच. पण जायफळात गुंगी आणणारं द्रव्य आहे, सहाणेवर किती उतरलं याचं माप नाही, आणि जास्त झालं तर बाळ सुस्त होतं, छाती धडधडते किंवा उलट जास्तच बेचैन होतं. मी नाही म्हटलं तर ते सुनेचं नाही झालं असतं, म्हणून पुढच्या भेटीला त्यांनाच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर त्यांना म्हणाल्या, "मावशी, तुम्ही दिलंत त्या काळी बाळ शांत झालं, पण ते झोपलं होतं की गुंगलं होतं हे कोण सांगणार?" मधाचं बोट एक वर्षापर्यंत नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलं. आणि सर्दीचं औषध झोपेसाठी द्यायची आयडिया माझ्या एका नातेवाइकाने दिली होती, तिच्यावर तर त्या चिडल्याच. काही बाळांना त्याने झोप येण्याऐवजी खूळ लागल्यासारखं होतं. आई घरी येताना गप्प होत्या. सहाण मात्र परत कपाटात गेली.

एक रात्र सांगायलाच हवी. वेळा अजून बसल्या नव्हत्या, निखिलची दुसरी पाळी होती, मी एकटी. तासभर किंकाळ्या ऐकल्यावर माझ्या हाताची पकड आवळतेय हे मला जाणवलं. मल्हारला गादीवर पाठीवर ठेवलं, दार लोटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली मनगटं धरली. पाच-सात मिनिटं. तो रडत होता, पण गादीवर रडणारं बाळ सुरक्षित असतं. संतापलेल्या हातात नसतं. बाळाला एकदा जोरात हलवलं तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मग आईंना उठवलं. त्यांनी काही न विचारता त्याला घेतलं.

दोन आठवड्यांच्या आसपास आठचं भांडण पाच-दहा मिनिटांच्या कुरकुरीवर आलं. पूर्ण गेलं असं नाही. वरचा दात आला तेव्हा, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस दिली आणि ताप आला तेव्हा, निफाडला मावससासूंकडे द्राक्षाच्या हंगामात चार दिवस राहिलो तेव्हा, सगळं विस्कटलं. फरक इतकाच की आता विस्कटलं तर वही काढता येते.

नऊ महिने उलटल्यावर साडेचारच्या फेरीत तो झोपेनासा झाला. आई वीस मिनिटं गाडी फिरवायच्या आणि हा टकटक बघत बसायचा. दोन-तीन दिवस तसं झाल्यावर आम्ही ती डुलकी काढूनच टाकली. सकाळची झोप दहाच्या जवळ सरकवली, दुपारची सव्वादोनच्या, म्हणजे तो पावणेचारला उठतो आणि साडेसातला झोपतो. दोन झोपांची घडी बसेपर्यंत मधले काही दिवस पुन्हा सातलाच आत न्यावं लागलं. बाबा सहाला त्याला नेतात, पण आता बाबागाडी घरीच असते. तो त्यांच्या कडेवरून ट्रॅकवरची कुत्री मोजतो.